आठ वाजताची विचारपूस

आमचं ॲप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी होतं आणि ते बनवणारी मी पाथर्डी फाट्याजवळच्या दोन खोल्यांत एकटीच राहत होते. हे मला तेव्हा विनोदी वाटलं नाही. आता वाटतं, पण हसू येत नाही.

कंपनी लहान होती. गंगापूर रोडवर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं, मालक धरून सात माणसं. आयफोनची बाजू माझ्याकडे होती. आठवड्यातून एकदा ऑफिसला तोंड दाखवायचं, बाकीचे दिवस घरी. घटस्फोटाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सकाळी उठून मी लॅपटॉप उघडायचे आणि दुपारी पाण्याचा जार आणून देणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलेपर्यंत माझा आवाज कसा आहे हे मलाही कळायचं नाही.

आई सटाण्याला राहायची. छत्तीस वर्षं तिने सरकारी नर्स म्हणून बागलाणातली गावं पायी पालथी घातली होती, लशींचा डबा खांद्याला लावून. निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिली. नाशिकला ये म्हटलं की म्हणायची, "तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी करू काय? खिडकीतून गाड्या मोजू?" भाऊ परदेशात. मागच्या खेपेला आला तेव्हा स्वतःचा जुना आयफोन तिच्या हातात ठेवून गेला. कर्ज घ्या, कार्ड घ्या म्हणणाऱ्यांच्या फोनला ती वैतागली होती, म्हणून त्याने डू नॉट डिस्टर्ब कायमचं चालू करून दिलं. त्याचे नि माझे फोन तेवढे वाजायचे. पडद्याच्या कोपऱ्यात अर्धचंद्र दिसायचा. आई त्याला "बीज" म्हणायची.

ॲपची मूळ कल्पना माझीच, म्हणून चूकही माझीच. मी ठरवलं की म्हाताऱ्यांना मुळीच त्रास द्यायचा नाही. सकाळी सात वाजल्यापासून आमच्या सर्व्हरने त्यांच्या फोनवर सायलेंट पुश पाठवायचं. हे असं नोटिफिकेशन की ज्याचा आवाज नाही, पडद्यावर अक्षर नाही, आकडाही नाही. फोन ते घेतो, आमच्या ॲपला मागच्या मागे अर्धा मिनिट जागं करतो. तेवढ्यात ॲपने आज किती पावलं चालली ते सर्व्हरला कळवायचं आणि परत झोपायचं. पावलं आली म्हणजे माणूस उठला, हिंडतोय. नऊपर्यंत काहीच आलं नाही, तर मुलांच्या फोनवर खणखणीत सूचना जायची. ही मात्र टाइम सेन्सिटिव्ह, म्हणजे मुलगा मीटिंगमध्ये डू नॉट डिस्टर्ब लावून बसला असला तरी ती पोचते आणि तासभर लॉक स्क्रीनवर ठाण मांडून राहते. आईला मी पहिल्या पन्नासांत घेतलं. तिची मुलगी म्हणून यादीत मी.

सायलेंट पुशची हमी नाही, हे ॲपलने स्वच्छ लिहून ठेवलंय. ते सगळ्यात कमी महत्त्वाचं टपाल. फोनला सवड असेल तेव्हा तो देणार. बॅटरी वाचवण्याचा मोड चालू असेल तर नाही देणार. माणसाने ॲप वर सरकवून बंद केलं असेल, तर ते पुन्हा उघडेपर्यंत त्या ॲपला उठवणारच नाही. हे मी वाचलं होतं. पण माझ्या टेबलावर, केबलने मॅकला जोडलेल्या फोनवर ते दर वेळी बिनचूक यायचं, कारण तपासणी चालू असताना फोन हात सैल सोडतो. तेही मला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करायला वेगळी अक्कल लागते, ती माझ्याकडे भरपूर होती.

डिसेंबरात एका सकाळी नऊ वाजता माझा फोन वाजला. आईकडून उत्तर नाही. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. शेजारची बाई कांद्याच्या मार्केटला जाते, तिचाही लागेना. मी अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढली. चांदवड, देवळा, पुढचं काही आठवत नाही. अडीच तास मी तिला जमिनीवर पडलेली बघत होते, कधी मोरीत, कधी ओट्यापाशी. आणि दार ढकललं तर ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

"कसाले उनी गं?" असं का आलीस म्हणून ती अहिराणीत म्हणाली. तिला आनंद झाला की अहिराणी यायची. "बरी शे मी. बस, हात धू."

मी हसले. घाबरून आले म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "सहज. ॲप बघायला आले, तुझ्या फोनवर अडतंय बहुतेक." फोन पाहिला तर सगळी ॲप्स वर सरकवून बंद केलेली. ती म्हणाली की घराबाहेर पडताना आपण दिवे घालवतो, तसंच हे, उगाच कशाला जळत ठेवायचं. आवाज बंद करायचा बाजूचा खटकाही खाली होता, म्हणून मी लावलेला फोन वाजला नव्हता. मी तिला समजावलं, "हे एक उघडंच ठेवत जा. हे बंद केलंस की मला वाटतं तुला काहीतरी झालं." ती लक्ष देऊन ऐकत होती. नर्सची सवय, सूचना पुरती ऐकून घेते. मग आम्ही जेवलो. तिने मला वाल घालून केलेली वांग्याची भाजी वाढली, उन्हात बसून दुपारभर गावातल्या बाळंतपणांच्या जुन्या गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी मी परत आले तेव्हा बऱ्याच दिवसांनी घसा दुखत होता, बोलून बोलून.

त्या हिवाळ्यात असं आणखी तीनदा झालं. दर वेळी तेच: नऊची सूचना, न उचललेला फोन, अडीच तास आणि तव्यावरची भाकरी. दर वेळी मी मनातून तिच्यावर चिडायचे आणि तोंडाने हसायचे. तिच्याकडे भाकऱ्या दोघींपुरत्या असायच्या, हे माझ्या नजरेला आलं होतं. आदल्या संध्याकाळी फोनवर तिने "उद्या काय आहे तुझं?" विचारलेलं असायचं आणि मी "काही नाही, घरीच" म्हटलेलं असायचं, हे मात्र नजरेला आलं नाही.

इतर घरांतूनही बोंब सुरू झाली. नांदगावच्या एका कुटुंबाने मुंबईहून फोन करून शेजाऱ्याला दाराची कडी तोडायला लावली. आजोबा आत पोथी वाचत बसले होते, त्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आमच्या सर्व्हरवाल्याने यावर शक्कल काढली. एक पुश पोचत नाही ना, मग दर पाच मिनिटांनी पाठवू. मी त्याला अडवायला हवं होतं. तासाला दोन-तीनच्या वर पाठवू नका असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. फोनने आम्हाला ओळखलं आणि हात आखडता घेतला. जे साठले त्यांतलं शेवटचं एक द्यायचं, बाकीची केराच्या टोपलीत. खोट्या सूचना पूर्वीपेक्षा वाढल्या.

फेब्रुवारीत मी सगळं मोडून नव्याने लिहिलं. लपूनछपून काही नको. सकाळी आठ वाजता माणसाला सरळ विचारायचं: "बरं आहे ना?" खाली एकच बटण, "हो". हे नोटिफिकेशन दिसणारं असल्यामुळे ॲप वर सरकवून बंद केलं तरी येतं आणि बटण दाबलं की ॲप तेवढ्यापुरतं जागं होऊन उत्तर पोचवतं. त्याला मी टाइम सेन्सिटिव्ह केलं, म्हणजे आईच्या बिजेतूनही ते पार होईल. ॲपला ती क्षमता जोडायला ॲपलची खास परवानगी लागत नाही. बाजूचा खटका खाली असला तर आवाज होत नाही, तरीही वाजणारी, सूचनांची त्याहून जोरकस अशी एक जात आहे, ती मात्र ॲपलकडून मागून घ्यावी लागते आणि सहसा मिळत नाही. पण पडदा उजळतो, ते बस होतं. जे आत्ताच्या आत्ता माणसाने पाहायला हवं, त्याच्यासाठीच हे वापरा, एवढीच अट. जिवंत आहेस का, यापेक्षा निकडीचं काय असणार?

पहिल्या दिवशी आईच्या पडद्यावर प्रश्नाखाली फोनचीही एक ओळ आली, की हे ॲप अशा निकडीच्या सूचना पाठवतंय, चालू ठेवायच्या की बंद? मी फोनवरून तिला "चालू" दाबायला लावलं.

मग सगळं सुरळीत झालं. आठ वाजून दोन मिनिटं, आठ वाजून तीन मिनिटं. आईचा "हो" यायचा आणि माझ्या पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटायचा. मी चहाचा कप हातात घेऊन त्याची वाट बघायचे. तो आला की दिवस सुरू. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. पावणेदोन महिन्यांत एकही खोटी सूचना गेली नाही, आणि पावणेदोन महिन्यांत मी सटाण्याला गेले नाही. जायचं कारणच उरलं नव्हतं. रोज कळत होतं ना, ती बरी आहे. संध्याकाळचे आमचे फोनही आखूड झाले. तिने "उद्या काय आहे तुझं?" विचारणं बंद केलं. मला वाटलं, तिचं मन रमलंय.

एप्रिलमध्ये मालक म्हणाले, "आपली ती आठची सूचना सगळे उघडतात. आरोग्य तपासणीच्या पॅकेजची जाहिरात तशीच पाठवली तर?"

"सर, ते नाही करता येत. ते निकडीसाठी आहे. आणि जाहिरात पाठवायची तर आधी लोकांची स्पष्ट संमती लागते."

"आजारपण निकडीचं नाही का? एकदाच पाठवू."

मी दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी सर्व्हरवरच्या मजकुरात एका ओळीत जाहिरातीची लेव्हल बदलून टाइम सेन्सिटिव्ह केली आणि पाठवून दिलं. नोकरी सोडली असती तर दुपारी पाणी देणाऱ्या माणसाशीसुद्धा काय बोलले असते, हा प्रश्न होता. स्वतःला फसवण्यासाठी मी हेच कारण वापरलं, तेव्हा ते खरंही वाटलं. एकदाचं तीनदा झालं. "संपूर्ण तपासणी, आज संध्याकाळपर्यंत सवलत" ही पाटी लोकांच्या झोपेतून, प्रार्थनेतून, बिजेतून आरपार गेली.

फोन मुका नसतो. आयफोन अधूनमधून माणसालाच विचारतो, की या ॲपला ही सवलत चालू ठेवू का? लोकांनी "बंद" दाबलं. आमचा सर्व्हर पाठवत राहिला, ॲपलकडून "मिळालं" अशी पोच येत राहिली. पुढे काय झालं ते ॲप उघडल्यावर सेटिंग तपासलं तरच कळतं. तपासलं तर डोळ्यांत भरण्याइतके लोक आम्हाला बंद करून बसले होते. कुणीतरी तक्रारही केली असावी. पुढचं अपडेट ॲपलच्या परीक्षणात अडकलं. सभ्य इंग्रजीतलं पत्र आलं: संमतीशिवाय जाहिराती पाठवता येत नाहीत, गैरवापर झाला तर नोटिफिकेशनची मुभाच काढून घेतली जाईल. मालकांचा चेहरा उतरला. आम्ही जाहिराती काढल्या, संमतीचं वेगळं बटण ठेवलं, नको असेल तर बंद करायची सोय ठेवली. अपडेट पास झालं. मालक म्हणाले, सुटलो.

सुटलो नव्हतो. माणसाने बंद केलेलं बटण ॲपला परत चालू करता येत नाही. ते ज्याचं त्यानेच सेटिंगमध्ये जाऊन करावं लागतं. आम्ही सुधारल्याचं त्यांना कळणार कसं?

मे महिन्यातल्या एका गुरुवारी आठ वाजून दोन मिनिटांनी ठिपका आला नाही. सव्वाआठ, साडेआठ. नऊला माझा फोन किंचाळला. मी फोन लावला, वाजत राहिला, उचलला नाही. आता खोटी सूचना यायला जागा नव्हती. ॲप वर सरकवण्याचा प्रश्नच मिटला होता, तो मीच मिटवला होता. बंद करणाऱ्यांत आई असेल असं मनातही आलं नाही, तिचा "हो" रोज येत होता. म्हणजे या वेळी खरंच. चांदवडच्या पुढे मी गाडी बाजूला घेऊन रडले. ठिपक्यावर भागवलं, अडीच महिने तोंड दाखवलं नाही, असं मोठ्याने म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.

घराला बाहेरून कुलूप होतं. मी पायरीवर बसले. दहा मिनिटांनी आई बोळातून आली, गिरणीतून दळून आणलेल्या पिठाचा डबा कमरेला. मला बघून ती जागीच थांबली. मग तिचं तोंड असं फुललं की मी तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"अगंबाई! आज तर मी काहीच केलं नाही. तरी आलीस?"

मी म्हटलं, "काहीच केलं नाहीस म्हणजे?"

ती किल्ली शोधत राहिली. आत गेल्यावर मी फोन पाहिला. आठचा प्रश्न बिजेआड निपचित पडून होता. सेटिंगमध्ये टाइम सेन्सिटिव्हचं बटण बंद. "त्या तपासणीच्या जाहिराती यायच्या सारख्या. फोननेच विचारलं, ठेवू का बंद करू. मी बंद केलं," ती म्हणाली. "बंद केलं तरी आठचा प्रश्न दिसायचाच की, मी आपली आठला फोन काढून बघायची. आज विसरले." फोन घरीच ठेवून ती नऊच्या आधीच गिरणीत गेली होती आणि वीज येईपर्यंत तिथेच बसली होती.

"आणि तू काहीच केलं नाहीस, ते काय?"

तिने पिठाचा डबा जागेवर ठेवला. "पहिल्यांदा चुकून झालं होतं. मग तूच सांगितलंस, हे बंद केलं की तुला कळतं. तुझं काही काम नसलं की मी वर सरकवायची. खटकाही खाली करायची." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. अडुसष्ट वर्षांची बाई, वर्गात पकडलेल्या पोरीसारखी उभी. "मग तू ते दुरुस्त केलंस."

मी ओरडले. आयुष्यात तिच्यावर एवढी ओरडले नव्हते. अडीच तास मी काय काय बघत यायचे ते सगळं सांगितलं, मोरी, ओटा, सगळं.

ती खाली बसली. "मला काय माहीत? तू हसत यायचीस." मग म्हणाली, "ये म्हटलं की तुला काम असतं. मी आजारी म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. हे खोटं वाटलं नाही गं."

तिने मला बोलावायची एक वाट शोधून काढली होती, मी ती दोष समजून बुजवली आणि वर शाबासकी घेतली.

जेवताना तिने विचारलं, "हा आठचा प्रश्न तुला कोण विचारतं?"

"मला कशाला? मी पाठवते तो."

"पण तू बी एकटीच ना." ती भाकरी मोडत म्हणाली, "आमच्या गृहभेटीत दारात उभं राहून 'बरं आहे का' विचारलं की सगळे 'हो'च म्हणतात. नवऱ्याने मारलेलीसुद्धा. आत जायचं, बसायचं, म्हणायचं पाणी दे आधी. ती पाणी आणायला उठली की मग कळतं कशी आहे ते."

निघण्याआधी मी तिचं बटण परत चालू केलं. ते करावंच लागणार होतं. आणि तिच्या हट्टापायी माझंही नाव यादीत घातलं, एकटी राहणारी म्हणून. नातेवाईक: आई.

दुसऱ्या सकाळी आठला माझा पडदा उजळला. "बरं आहे ना?" हा प्रश्न मीच लिहिला होता, त्याचं प्रत्येक अक्षर मी निवडलं होतं, आणि तरी तो मी दोनदा वाचला. मी "हो" दाबलं. पुढचे पंधरा-वीस दिवस रोज दाबलं. सोपं होतं ते. बहुतेक सकाळी खोटंही होतं.

जूनमधल्या एका सकाळी मी दाबलं नाही. विसरले नव्हते. प्रश्न तासभर लॉक स्क्रीनवर बसून होता आणि मी त्याच्यासमोर बसून होते, हातातला चहा गार होईपर्यंत. नऊला सटाण्यात तिचा फोन वाजला असणार, बिजेतून. मी माझ्या फोनचा बाजूचा खटका खाली केला आणि बारा वाजता कणीक मळायला घेतली, दोघींपुरती.

साडेबाराला बेल वाजली. दारात आई होती, एसटीतून आलेली, तीन मजले चढून धापा टाकत. तिच्या डोळ्यांत अडीच तासांचं सगळं काही होतं, जे मी तिला त्या दिवशी ओरडून सांगितलं होतं. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, पिठाचे हात पाहिले. रागावली नाही. चपला काढल्या, आत येऊन खुर्चीवर बसली.

"पाणी दे आधी," ती म्हणाली.